न चोळता उतरवायचं: वॉटरप्रूफ मस्करा, आयलायनर आणि नाजूक डोळे

(बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या मुली, गृहिणी आणि पार्लर चालवणाऱ्या महिलांसमोर एका नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)

मेकअप करू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. तो उतरवायचा कसा, एवढंच सांगणार आहे. तुळशीची लग्नं झाली की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते ती थेट उन्हाळ्यापर्यंत चालते. नवरीचा मेकअप पहाटे होतो. मग हळद, अक्षता, सप्तपदी, पाठवणीचं रडणं, वर बारामतीचं मे महिन्याचं ऊन. यात साधा मस्करा टिकत नाही, म्हणून पार्लरवाल्या ताई वॉटरप्रूफ लावतात. त्यांचं काही चुकत नाही. घोळ होतो तो रात्री. दमलेली मुलगी नळाखाली तोंड धरते, साबण लावते आणि डोळे चोळायला लागते. काळं सगळं गालावर पसरतं, पण केसांवरचं निघत नाही. म्हणून ती आणखी जोरात चोळते.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा करतो. मराठीत आपण कातडीच्या झाकणीलाही पापणी म्हणतो आणि तिच्यावरच्या केसांनाही पापण्याच म्हणतो. आज मी झाकणीला पापणी म्हणेन आणि केसांना पापणीचे केस. मस्करा केसांना लागतो. लायनर पापणीच्या कडेला लागतो. दोन्ही उतरवायची रीत थोडी वेगळी आहे.

पाण्यानं का निघत नाही

वॉटरप्रूफ मस्करा म्हणजे मुख्यतः मेण, काळा रंग आणि पातळ पापुद्रा धरणारं एक प्रकारचं प्लास्टिक. हे सगळं एका हलक्या, लगेच उडून जाणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेलं असतं. बऱ्याच बाटल्यांवर त्या द्रवाचं नाव आयसोडोडेकेन असं दिसेल. ब्रश केसावरून फिरवला की काही मिनिटांत हा द्रव उडून जातो आणि मेणाचा पापुद्रा केसाला घट्ट धरून बसतो. त्यावर घाम आला, अश्रू आले, तरी पाणी नुसतं ओघळून जातं. घरात मेणबत्तीचं मेण फरशीवर सांडलं तर आपण पाणी ओतत बसत नाही, तसंच हे आहे.

यातून सगळ्या गोष्टीची किल्ली मिळते. मस्करा ज्या जातीच्या द्रवात कालवून लावला, त्याच जातीच्या द्रवात तो परत सुटतो. म्हणजे तेलकट द्रव हवा, आणि त्या द्रवाला मेणात मुरायला थोडा वेळ हवा. साधारण 20 ते 30 सेकंद. तेवढा वेळ दिला की पापुद्रा मऊ पडतो आणि केसावरून घसरून येतो. तो वेळ दिला नाही, तर ते काम बोटाच्या जोरानं करावं लागतं. चोळणं म्हणजे दुसरं काही नाही, न दिलेल्या त्या अर्ध्या मिनिटाची भरपाई आहे.

चोळल्यानं काय होतं

पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर. साबणाच्या हातानं ती घासली की दुसऱ्या दिवशी लाल होते, सुजते आणि कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. केस ओढले जाऊन मुळातून येतात. ते परत उगवतात, पण त्याला काही आठवडे ते महिने लागतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पापणीची कड. केस जिथून निघतात त्याच्या थोडं आत, ओलसर रेषेवर, तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. आपण पापणी मिटतो तेव्हा या ग्रंथी थेंबभर तेल अश्रूंवर पसरवतात. त्या तेलामुळं अश्रू लवकर वाळत नाहीत. मेण, रंग आणि साबण चोळून चोळून त्या तोंडांवर बसवला, तर तेलाची वाट अडते. मग डोळ्यात चुरचुर होते, वाळू गेल्यासारखं वाटतं, संध्याकाळी जळजळ होते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत धूळ आणि काजळी असतेच. तिथं डोळ्याचं हे तेलाचं कवच आणखी गरजेचं असतं.

तिसरी गोष्ट कॉर्नियाची. काळ्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. वाळलेल्या मस्कऱ्याचा कण किंवा कापसाचा धागा पापणीखाली अडकला आणि वरून चोळलं, तर त्या काचेवर ओरखडा उठतो. आणि ज्यांना ॲलर्जीमुळं वर्षानुवर्षं डोळे जोरात चोळायची सवय असते, त्यांच्यात कॉर्निया पातळ होऊन पुढं शंकूसारखा येण्याचा आजार जास्त आढळतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. एका लग्नाच्या रात्री चोळल्यानं हा आजार होत नाही, उगीच घाबरू नका. पण लहानपणापासून ज्या मुलीचे डोळे खाजतात, तिच्या घरात चोळण्याचं आणखी एक निमित्त नको.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी आहे. लग्न बारामतीच्या कार्यालयात. तिला चष्मा आहे, म्हणून त्या दिवसापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यात. डोळ्यांना लहानपणापासून धुळीची ॲलर्जी आहे. वॉटरप्रूफ मस्करा, जेल लायनर, आतल्या रेषेत काजळ आणि वरून चिकटवलेल्या नकली पापण्या असा सगळा साज आहे. सासरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात, आणि सकाळी सत्यनारायणाची पूजा आहे. सुजलेल्या डोळ्यांनी पूजेला बसायचं नाही, तर तिनं काय करावं?

पहिलं काम हात धुणं. साबणानं हात धुवायचे आणि न लोंबणाऱ्या स्वच्छ कापडानं कोरडे करायचे. दुसरं काम लेन्स काढणं. मेकअप काढायच्या आधी लेन्स काढायच्या, नंतर नाही. कारण तेलाचा हात लेन्सला लागला की ती धुरकट होते, आणि सुटलेला रंग लेन्सखाली जाऊन बसतो. लेन्स एका दिवसाच्या असतील तर टाकून द्यायच्या. आज रात्री आणि उद्या सकाळी चष्मा. नवरीनं चष्मा घातला तर पूजेत काही अडत नाही.

मग नकली पापण्या. त्या ओढून काढायच्या नाहीत, कारण गोंदाबरोबर खरे केसही येतात. रिमूव्हरमध्ये बुडवलेली कानाची काडी, म्हणजे कॉटन बड, गोंदाच्या पट्टीवरून अलगद फिरवायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग डोळा मिटून बाहेरच्या कोपऱ्याकडून पट्टी सोडवत नाकाकडं यायचं. अडलं तर पुन्हा ओलं करायचं.

आता मस्करा. यासाठी दोन थरांचा रिमूव्हर सगळ्यात सोपा. बाटलीत वर तेलाचा थर आणि खाली पाण्याचा थर वेगवेगळा दिसतो. बाटली आठ-दहा वेळा हलवायची. न हलवता ओतलं तर सुरुवातीला नुसतं तेलच येतं आणि शेवटी बाटलीत नुसतं पाणी उरतं. मग आपण म्हणतो, ही बाटली पहिल्यासारखी काम करत नाही. हलवल्यावर लगेच कापसाच्या चपट्या पॅडवर घ्यायचं. पॅड सगळा ओला व्हावा, पण दाबल्यावर थेंब ओघळू नये. ओघळलेला थेंब डोळ्यातच जातो.

डोळा मिटायचा. पॅड पापणीवर ठेवायचा, असा की केस पॅडखाली पूर्ण झाकले जातील. बुबुळावर दाबायचं नाही, नुसता हात टेकवायचा. मनात सावकाश तीसपर्यंत मोजायचं. यात कुणालाच धीर नसतो, आणि सगळं काम तर याच तीस अंकांत होतं. मग पॅड वरून खाली, केसांच्या टोकाच्या दिशेनं, एकदाच सरकवायचा. डावीकडून उजवीकडं फिरवायचा नाही. पॅडवर काळी मोहोर उमटेल. पॅडची घडी घालायची, स्वच्छ बाजू घ्यायची, पुन्हा थोडं ओलं करायचं, पुन्हा ठेवायचं. साधारण दोन-तीन वेळा. पॅडवर काळ्याऐवजी फिकट करडं दिसायला लागलं की मस्करा संपत आला असं समजा.

केसांच्या बुडाशी थोडा राहतोच. तिथं ओला पॅड खालच्या केसांखाली धरायचा, डोळा मिटायचा आणि वरून ओल्या कॉटन बडनं मुळापासून टोकाकडं हळूच ओढायचं. खाली पॅड असल्यामुळं रंग गालावर उतरत नाही. बाहेर, पापणीवर असलेला लायनर याच पॅडनं निघतो. नाकाकडून कानाकडं एक हलका हात फिरवला की झालं.

आतल्या रेषेतलं काजळ मात्र वेगळं. तिथं ग्रंथींची तोंडं आहेत आणि लगेच पलीकडं डोळा आहे. कॉटन बड आत घालून रेषा पुसायला जाऊ नका. बाहेरचं सगळं निघाल्यावर, हाताशी असतील तर साध्या अश्रूंच्या थेंबांचा, म्हणजे ल्युब्रिकंट ड्रॉप्सचा, एकेक थेंब डोळ्यात टाकायचा आणि पाच-सहा वेळा पापण्या मिटायच्या. रंग आपोआप नाकाकडच्या कोपऱ्यात गोळा होतो. तिथून स्वच्छ ओल्या पॅडनं टिपून घ्यायचा. थोडी काळी छटा राहिली तर राहू द्या. डोळा रात्रीतून ती स्वतः बाहेर टाकतो. सकाळी कोपऱ्यात काळा ठिपका दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो टिपून घ्या.

शेवटचं पाऊल बहुतेक जणी गाळतात. उरलेलं तेल काढणं. डोळे मिटून, सौम्य आणि वास नसलेला फेसवॉश बोटांवर पातळ करून पापणीवरून एकदाच फिरवायचा आणि पाण्यानं धुवायचं. आपल्याकडं बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. त्यात फेस धड होत नाही आणि कातडीवर चिकटा राहतो. तसं असेल तर शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्या, तांब्याभर पुरतं. टॉवेलनं पुसू नका, टिपा.

या सगळ्याला दोन्ही डोळे मिळून आठ ते दहा मिनिटं लागतात. चोळून काढायलाही तेवढीच लागतात. फरक सकाळी दिसतो.

नाजूक डोळ्यांना कोणता रिमूव्हर

कंपन्यांची नावं मी घेत नाही, कारण एकाच कंपनीची एक बाटली चालते आणि दुसरी चालत नाही. त्यापेक्षा आपले डोळे कोणत्या प्रकारे नाजूक आहेत ते ओळखा. ‘नाजूक’ हा एक शब्द झाला, पण त्यात तीन-चार वेगळ्या तक्रारी असतात.

पहिला प्रकार कोरड्या डोळ्यांचा. दिवसभर मोबाईल-कॉम्प्युटर, संध्याकाळी चुरचुर. यांना वास नसलेला दोन थरांचा रिमूव्हर चालतो, पण थोडा वापरायचा आणि नंतर धुवायचा. लेबलवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव दिसलं तर ती बाटली ठेवून द्या. हे जंतुनाशक अश्रूंचा थर आणि डोळ्याच्या वरच्या पेशी बिघडवतं, म्हणून आम्ही औषधाच्या थेंबांतही ते शक्य तिथं टाळतो. अल्कोहोल डिनॅट हेही नको, त्यानं कातडी आणखी कोरडी पडते.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा, आपल्या उदाहरणातल्या मुलीसारखा. इथं नियम एकच: यादी जितकी छोटी तितकी बरी. सुगंध, गुलाब-लव्हेंडरसारखी सुवासिक तेलं, लॅनोलिन, ‘हर्बल’ अर्क, यातल्या कशाची ॲलर्जी येईल सांगता येत नाही. वनस्पतीचं आहे म्हणजे सौम्य आहे, असं नसतं. विशेषतः टी ट्री ऑइल डोळ्याजवळ नकोच, त्यातला मुख्य घटक पापणीतल्या तेलग्रंथींच्या पेशींना घातक ठरतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. सगळंच सोसत नसेल, तर वास नसलेली साधी पांढरी पेट्रोलियम जेली हा शेवटचा भरवशाचा उपाय. तिची ॲलर्जी फार क्वचित येते. तांदळाच्या दाण्याएवढी बोटावर घ्यायची, मिटलेल्या डोळ्याच्या केसांवर लावायची, एक मिनिट थांबायचं आणि कोरड्या पॅडनं खाली ओढायचं. ती घट्ट असल्यानं डोळ्यात गेली तर थोडा वेळ धुरकट दिसतं. म्हणून गाडी चालवायची असेल तेव्हा नको.

तिसरा प्रकार पापणीच्या कडेला कोंडा धरणाऱ्यांचा, ज्यांना वारंवार रांजणवाडी येते. यांनी जड तेलं, बाम आणि जेली टाळायची, कारण त्यांच्या ग्रंथींची तोंडं आधीच तुंबलेली असतात. यांना मायसेलर वॉटर जास्त सोसतं. त्यात तेल नसतं. साबणासारखे पण सौम्य रेणू पाण्यात गोळे करून असतात आणि ते मळ धरून ठेवतात. मात्र मायसेलर वॉटर वॉटरप्रूफ मस्करा सावकाश काढतं, चार-पाच पॅड लागतात. आणि बाटलीवर ‘धुवायची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी धुवा. ते रेणू पापणीवर राहिले तर रात्रभर अश्रूंच्या तेलाचा थर फोडत राहतात. खरं तर अशांनी वॉटरप्रूफच्या वाटेला जाऊ नये, हे उत्तम.

चौथा प्रकार लेन्सवाल्यांचा. लेन्स आधी काढून, वर सांगितलेलं सगळं करून, नीट धुऊन, त्या रात्री लेन्स परत घालायची नाही. रोजच लेन्स आणि रोजच मस्करा असेल, तर ट्यूबिंग मस्करा नावाचा प्रकार मिळतो. तो प्रत्येक केसाभोवती बारीक नळी तयार करतो. त्याला तेल लागत नाही. अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात पॅड भिजवून अर्धा मिनिट ठेवला की नळ्या सुटून बारीक काळे धागे निघतात. ते केस तुटल्यासारखे दिसतात, पण केस नसतात. घाम आणि अश्रूंनाही तो बऱ्यापैकी टिकतो.

कोणतीही नवी बाटली लग्नाच्या रात्री पहिल्यांदा उघडू नका. आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावून बघा. सात दिवसांत लाली-खाज आली नाही, तर एका डोळ्यावर एकदा वापरा. मगच दोन्ही.

काही बिघडलं तर कसं ओळखायचं

लावताक्षणी चुरचुरलं आणि पाण्यानं धुतल्यावर दोन-तीन मिनिटांत थांबलं, तर द्रव डोळ्यात गेलाय एवढंच. पुढच्या वेळी पॅड कमी ओला घ्या. सगळं धुरकट दिसतंय, पण दुखत नाही, पापण्या मिटल्या की हलतं, तर ते तेल आहे. थोड्या वेळानं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या खाजल्या, सुजल्या, लाल खरखरीत झाल्या, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. बाटली बंद करा, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही तर दाखवा.

पण डोळा टोचतोय, उघडवत नाही, उजेड सहन होत नाही, सारखं पाणी येतंय, नजर मंद झाली, यातलं काही असलं तर कॉर्नियाला ओरखडा असू शकतो. आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. बारामतीत आहेत, इंदापुरात आहेत. आणि एक हात जोडून सांगतो: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ‘डोळ्याचे ड्रॉप’ आणून टाकू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. त्यानं डोळा पांढरा होतो, बरं वाटतं, आणि ओरखड्यात जंतू असतील तर ते आत बिनबोभाट वाढतात. लेन्स वापरणाऱ्या मुलीला असं झालं तर दृष्टी जायची वेळ येते. मस्करा काढताना झालेला ओरखडा आठवड्यात भरून येतो. चुकीच्या थेंबानं बिघडलेला डोळा तसा भरून येत नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आम्ही खोबरेल तेलानंच काढतो. ते चुकीचं आहे का?*

चुकीचं नाही. तत्त्व तेच आहे, तेलानं मेण सुटतं. रंगमंचावरचा रंग उतरवायला कलाकार खोबरेल वापरत आलेत. दोन-तीन काळज्या घ्या. केसांना लावायचं सुगंधी तेल नको, साधं शुद्ध खोबरेल घ्या. डोक्याच्या तेलाच्या डब्यात बोट घालून नको, छोटी वेगळी बाटली ठेवा. थंडीत ते गोठतं, साधारण 24 अंशांच्या खाली. तेव्हा ते बोटांवर चोळून पातळ करून घ्या, डोळ्यावर चोळून नको. आणि ते जड असल्यानं नंतर धुणं गरजेचं. मोहरीचं तेल किंवा फोडणीचं उरलेलं तेल मात्र कधीच नको. पापणीला कोंडा असेल तर खोबरेलही टाळा.

*प्रश्न: सर, माझं पार्लर आहे. लग्नात पाठोपाठ पाच-सहा जणींचा मेकअप असतो. काढताना काय काळजी घ्यायची?*

एका डोळ्याचा पॅड दुसऱ्या डोळ्याला नाही, आणि एका ताईचा दुसऱ्या ताईला तर नाहीच. डोळे आलेल्या एका पाहुणीमुळं अख्ख्या वऱ्हाडाचे डोळे येतात ते असंच. बाटलीचं तोंड पॅडला टेकवू नका. गुंडाळीचा कापूस वापरत असाल तर बंद करा, त्याचे धागे डोळ्यात जातात. कडा शिवलेले चपटे पॅड घ्या. आणि बाटली घेताना उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी बघा. यादीच नसेल, तर डोळ्याजवळ ती बाटली न्यायची नाही, आठवडे बाजारात कितीही स्वस्त मिळो.

*प्रश्न: मी पापण्यांचं एक्स्टेन्शन करून घेतलंय. त्याला हे तेल चालेल?*

नाही. एकेक केस चिकटवलेला असतो आणि तेलानं तो गोंद सैल होतो. तुम्ही तेल नसलेला रिमूव्हर वापरा. आणि एक्स्टेन्शन असताना वॉटरप्रूफ मस्करा लावूच नका, कारण तो काढायला तेलच लागणार. पापणीच्या कडेचा मळ मात्र रोज काढा. केस जपायचे म्हणून कडा धुतल्याच नाहीत, तर तिथं कोंडा धरतो.

*प्रश्न: गुलाबपाण्यानं डोळे धुतले तर थंड वाटतं. मेकअपनंतर चालेल का?*

थंड वाटतं, पण ते निर्जंतुक नसतं आणि त्यात सुगंध असतो. मेणावर त्याचा काही उपयोग नाही. थंडच हवं असेल तर स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा. नाजूक डोळ्यालाही ते सोसतं.

*प्रश्न: माझ्या मुलीला मी लहानपणापासून घरचं काजळ घालते. ते तरी काढावं लागतं का?*

मावशी, लहान मुलांच्या डोळ्यात काजळ घालू नका, एवढंच सांगेन. घरचं काजळही निर्जंतुक नसतं, आणि बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं सापडतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती पायाच्या तळव्याला लावा. मुलगी मोठी आहे आणि स्वतः घालते, तर रोज रात्री झोपायच्या आधी काढायला सांगा. रीत तीच: ओला पॅड, मिटलेला डोळा, आणि तीसपर्यंत मोजणं.